हॉटेलमालकाला बॉयलर बदलण्याचा प्रस्ताव: आधी हिशोब, मग पत्र

प्रश्न: मी पुण्यात बॉयलर सर्व्हिसिंग करतो. माझ्या एका ग्राहकाचं ८० खोल्यांचं हॉटेल आहे. इमारत त्यांचीच. डिझेलवरचा ताशी ६०० किलोचा स्टीम बॉयलर २१ वर्षं जुना आहे. लाँड्री सहा वर्षांपूर्वी बाहेर दिली, आता वाफ फक्त आंघोळीचं आणि किचनचं पाणी तापवायला लागते. वर्षाला ३१,००० लिटर डिझेल खरेदी होतं. रस्त्यावर पीएनजीची लाईन आली आहे. मालक म्हणतात, "दोन वर्षांत पैसे सुटत असतील तरच लिहून द्या." पत्र कसं लिहू आणि बचतीचा आकडा कसा काढू?

उत्तर:

पत्राला हात लावण्याआधी ते ३१,००० लिटर फोडून घ्या. हा खरेदीचा आकडा आहे, आणि हॉटेलात बहुधा त्याच टाकीतून जनरेटरही भरला जातो. जनरेटरच्या लॉगबुकात तास लिहिलेले असतात. तासाला किती लिटर लागतं हे दोनतीनदा टाकीत पट्टी घालून बघा आणि वर्षाचं गणित करा. समजा ५,४५० लिटर जनरेटरचं निघालं, तर बॉयलरकडे उरलं २५,५५० लिटर, म्हणजे रोजचं ७० लिटर. ही वजाबाकी पत्रात दिसली पाहिजे. जनरेटरचं डिझेल बॉयलरच्या नावावर मांडलेलं हॉटेलच्या अकाउंटंटला पहिल्याच ओळीत कळतं, आणि मग पुढचं कितीही बरोबर असलं तरी त्यावर विश्वास बसत नाही.

दुसरं काम म्हणजे गरम पाणी मोजणं. कॅलोरिफायरमध्ये जे गार पाणी शिरतं त्या लाईनवर साधा पाण्याचा मीटर बसवा. तो मालकाकडून मागू नका, स्वतःचा लावा. किमान तीन आठवडे रोज सकाळी एकाच वेळी चार नोंदी घ्या: पाण्याचा मीटर, डिझेलच्या डे टँकची पातळी, येणाऱ्या गार पाण्याचं तापमान आणि भरलेल्या खोल्या. खोलीमागे इतके लिटर असं पुस्तकातलं गृहीतक घेऊन बसू नका. एका हॉटेलात लग्नाची वऱ्हाडं उतरतात, दुसऱ्यात कंपनीची माणसं पहाटे आंघोळ करून निघून जातात. दोन्हीकडच्या आकड्यांत फार मोठा फरक पडतो.

तुम्ही मोजमाप दिलेलं नाही, म्हणून पुढचं गणित मी पटण्याजोगे आकडे धरून करतो. मोजल्यावर तुमचे आकडे त्याच जागी घाला. समजा रोज सरासरी ९,००० लिटर पाणी २४ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापतं. ९,००० गुणिले ३६, म्हणजे ३.२४ लाख किलोकॅलरी. मजल्यांवर फिरणारी रिटर्न लाईन दिवसभर थोडी थोडी उष्णता सोडते, तिची ०.३६ लाख धरू. एकूण उपयोगाची उष्णता झाली ३.६ लाख किलोकॅलरी. ७० लिटर डिझेलमध्ये लिटरला साधारण ८,९०० प्रमाणे ६.२३ लाख किलोकॅलरी असतात. भागाकार येतो ५८ टक्के. मालकाने विकत घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या डिझेलमधले फक्त ५८ रुपये पाणी तापवण्याच्या कामी येतात.

आता फ्लू गॅस अॅनालायझर चिमणीला लावा. ऑक्सिजन ८ टक्के आणि धूर २६० अंशांवर असेल, तर चिमणीतून जाणारी उष्णता आणि बॉयलरच्या अंगातून सुटणारी उष्णता वजा करून ७९ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता निघते. इथे बरेच जण फसतात. चिमणीचा कागद ७९ दाखवतो, नवीन यंत्राच्या ब्रोशरवर मोठा आकडा असतो, या दोहोंतला फरक म्हणजे बचत असं ते लिहून टाकतात. पण अॅनालायझर बर्नर चालू असतानाच मोजतो. तुमच्या इमारतीत खरा तोटा बर्नर बंद असताना होतो, आणि ७९ व ५८ यांच्यातल्या २१ टक्क्यांत तो लपलेला आहे.

तो का होतो, हे एका गणिताने मालकाला पटतं. ताशी ६०० किलो वाफ म्हणजे ताशी साधारण ३.२४ लाख किलोकॅलरी. हॉटेलची पूर्ण दिवसाची गरज ३.६ लाख. म्हणजे हा बॉयलर पूर्ण ताकदीने चालला तर दिवसभराचं काम सव्वा तासाच्या आत संपवतो. उरलेला वेळ दोन-तीन टन लोखंड आणि पाणी वाफेच्या दाबावर तापवत ठेवायचं, एवढंच चालतं. दाब उतरला की बर्नर दोनचार मिनिटं पेटतो, पेटण्याआधी ब्लोअर गार हवा आतून फिरवतो आणि ट्यूबमधली उष्णता चिमणीतून बाहेर जाते. त्यात वाफेची लाईन, उघडा राहिलेला स्टीम ट्रॅप, गटारात सोडलेलं कंडेन्सेट आणि ब्लोडाऊन यांची भर पडते. लाँड्री होती तेव्हा हा बॉयलर योग्य मापाचा होता. लाँड्री गेली, बॉयलर तिथेच राहिला.

हा तोटा अंदाजाने लिहू नका, तुमच्याच नोंदींतून काढा. आलेखाच्या कागदावर आडवं गरम पाणी, उभं डिझेल, अशी दररोजची एक खूण करा. एखाद्या दिवशी ५,००० लिटर पाणी लागलेलं असेल, एखाद्या दिवशी १२,०००. खुणांमधून सरळ रेघ ओढली की ती उभ्या अक्षाला कुठे छेदते ते बघा. आपल्या उदाहरणात ती २४ लिटरला छेदेल आणि दर हजार लिटर पाण्यामागे ५.१ लिटर चढत जाईल. अर्थ असा की एकही पाहुणा नसला तरी हॉटेल रोज २४ लिटर डिझेल जाळतं. त्यातले सुमारे ५ लिटर मजल्यांवरच्या रिटर्न लाईनचे आहेत आणि ते नवीन यंत्रातही काही प्रमाणात राहतील. उरलेले १९ लिटर निव्वळ जुन्या व्यवस्थेचे. खुणा रेघेपासून फारच विखुरलेल्या दिसल्या तर आधी डे टँकची नोंद नीट घेतली जाते का, किंवा कुणी त्यातून दुसरीकडे डिझेल काढतं का, ते शोधा. मगच पुढे जा.

नवीन बाजूला प्रत्येकी ५० किलोवॅटचे दोन कंडेन्सिंग गॅस हीटर आणि ३,००० लिटरची इन्सुलेटेड टाकी धरू. ब्रोशरवर १०५ किंवा १०७ टक्के लिहिलेलं असेल. तो आकडा एनसीव्हीवर काढलेला असतो, म्हणजे इंधनातल्या हायड्रोजनमुळे तयार होणाऱ्या पाण्याच्या वाफेतली उष्णता त्यात इंधनाच्या बाजूला मोजलेलीच नसते. आपण डिझेल जीसीव्हीवर, म्हणजे ती उष्णताही धरून मोजलं, तर गॅसही जीसीव्हीवरच मोजला पाहिजे. नैसर्गिक वायूसाठी ब्रोशरचा आकडा साधारण ०.९ ने गुणा. १०५ चे ९४-९५ होतात. तेही प्रयोगशाळेत गार रिटर्न पाणी असताना. हॉटेलात टाकी गरम असते, हीटर चालू-बंद होतो, म्हणून मी पत्रात ८५ टक्केच धरतो. बचत थोडी कमी दिसते, पण वर्षभराने मालक बिल घेऊन समोर बसतात तेव्हा हाच आकडा टिकतो.

३.६ लाख भागिले ०.८५ म्हणजे गॅसमधून ४.२४ लाख किलोकॅलरी. घनमीटरला ९,२०० धरले तर रोज ४६ घनमीटर, वर्षाला १६,८०० घनमीटर. दर शेवटच्या बिलावरचे आणि गॅस कंपनीच्या लेखी कोटेशनमधले घ्या. इथे मी डिझेल ९० रुपये लिटर आणि पीएनजी सर्व करांसह ६२ रुपये घनमीटर धरतो. जुना खर्च २३ लाख, नवीन १०.४ लाख, फरक १२.६ लाख.

या १२.६ लाखांचे पत्रात दोन भाग करा, कारण ते दोन वेगळ्या कारणांनी येतात आणि त्यांची जोखीमही वेगळी आहे. इंधनातली उष्णताच ३२ टक्के कमी लागते, त्याचे डिझेलच्या भावाने ७.४ लाख. उरलेले ५.२ लाख केवळ गॅस स्वस्त आहे म्हणून. पहिला भाग यंत्राचा आहे आणि त्याची जबाबदारी तुम्ही घेऊ शकता. दुसरा बाजारभावाचा आहे. त्याची हमी देणं तुमच्या हातात नाही.

यापुढे माझं मत जरा आग्रहाने सांगतो. पेबॅक फक्त "आहे ते" आणि "नवीन" यांच्यात काढला तर पत्र अर्धंच खरं असतं. मालकासमोर आणखी स्वस्त पर्याय असतात आणि तुमच्यानंतर येणारा माणूस तेच घेऊन येतो. पहिला: बर्नर ट्यून करणं, ट्रॅप बदलणं, कंडेन्सेट परत आणणं, लाईनला इन्सुलेशन. खर्च ३.५ लाख धरा. कार्यक्षमता ५८ वरून ६६ झाली तर डिझेल रोज ६१ लिटरवर येतं, वर्षाला २.९ लाख वाचतात. दुसरा: हेच करून शिवाय जुन्याच बॉयलरला गॅस बर्नर लावणं. एकूण ९.५ लाख. वर्षाला २१,६०० घनमीटर, १३.४ लाखांचा गॅस, बचत ९.६ लाख. पेबॅक एक वर्ष! म्हणजे दोन वर्षांच्या अटीत बसणारा आणि नवीन बॉयलरपेक्षा लवकर पैसे सोडणारा पर्याय समोरच आहे. तो लपवून पत्र लिहिणं मला पटत नाही, आणि ते फार दिवस लपतही नाही.

मग नवीन यंत्राची शिफारस कशावर उभी राहते? पूर्ण बदलाचा खर्च जीएसटी, चिमणी, गॅस लाईन आणि जुना बॉयलर काढण्यासह २६ लाख धरू. इंधनाचे १२.६ लाख आणि देखभालीचा एक लाख मिळून वर्षाला १३.६ लाख वाचतात, पेबॅक १.९ वर्ष. पण गॅस बर्नरच्या पर्यायाशी तुलना केली तर जादा लागतात १६.५ लाख आणि जादा वाचतात ४ लाख, म्हणजे जादा पैशाचा पेबॅक चार वर्षांहून थोडा जास्त. आता ट्यूबची जाडी मोजा. २१ वर्षांच्या बॉयलरला येत्या दोनतीन वर्षांत रीट्यूबिंग लागणार असं मापावरून दिसत असेल, तर त्याचे ५ लाख बर्नरच्या पर्यायात धरायलाच हवेत. जादा खर्च ११.५ लाखांवर येतो आणि पेबॅक तीन वर्षांच्या आत. ट्यूब ठणठणीत निघाल्या तर मात्र मालकाला तसं सांगा आणि गॅस बर्नरचीच शिफारस करा. म्हणूनच अल्ट्रासॉनिक जाडीमापनाचा रिपोर्ट या पत्राला जोडावाच लागतो.

हीट पंपाचं काय, असं मालक नक्की विचारतील. पुण्याच्या हवेत हीट पंप एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता सहज देतो. ३.६ लाख किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४१९ युनिट उष्णता, म्हणजे १४० युनिट वीज. ११ रुपये दराने वर्षाला ५.६ लाख. गॅसपेक्षा जवळपास निम्मा. तेव्हा गच्चीवर मोकळी, हवेशीर जागा असेल आणि मंजूर वीजभारात वाव असेल, तर प्रस्ताव हीट पंपाचाच द्या आणि गॅस हीटर एकच, मदतीला ठेवा. पुण्यातल्या मध्यवस्तीतल्या हॉटेलांत गच्ची एसीच्या युनिटांनी भरलेली असते आणि वीजभार वाढवायचा तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत गोष्ट जाते. तिथे गॅस बरोबर. तुमच्या इमारतीत यातलं काय आहे ते बघून पत्रातला तो परिच्छेद लिहा. खालच्या मसुद्यात मी जागा नाही असं धरलं आहे.

---

मा. श्री. ____________ यांस,
स. न. वि. वि.

विषय: गरम पाण्यासाठीचा स्टीम बॉयलर बदलण्याबाबत प्रस्ताव

आपल्या हॉटेलातील सध्याचा डिझेल बॉयलर काढून त्याजागी पीएनजीवर चालणारे दोन गरम पाण्याचे हीटर बसवावेत, अशी आमची शिफारस आहे. एकूण खर्च जीएसटीसह २६ लाख रुपये असून दरवर्षी सुमारे १३.६ लाख रुपये वाचतील. सध्याच्या दरांनी गुंतवणूक एक वर्ष अकरा महिन्यांत वसूल होते.

आम्ही तीन आठवडे रोज डिझेल, गरम पाणी आणि तापमान मोजले. नोंदींची प्रत सोबत आहे. वर्षभरात खरेदी झालेल्या ३१,००० लिटर डिझेलपैकी ५,४५० लिटर जनरेटरचे आहे, ते आम्ही हिशोबात धरलेले नाही. उरलेल्या २५,५५० लिटरमधील फक्त ५८ टक्के उष्णता पाणी तापवण्याच्या कामी येते. पाण्याचा अजिबात वापर नसला तरी ही व्यवस्था रोज २४ लिटर डिझेल जाळते, असे नोंदींवरून दिसते. बॉयलर लाँड्रीच्या वाफेसाठी घेतलेला होता. आता हॉटेलची पूर्ण दिवसाची गरज तो सव्वा तासाच्या आत भागवू शकतो आणि उरलेला वेळ केवळ तापत राहतो.

आपल्यासमोर तीन मार्ग आहेत.

| मार्ग | खर्च (लाख रु.) | वार्षिक बचत (लाख रु.) | वसुली |
|---|---|---|---|
| जुना बॉयलर दुरुस्त करून डिझेलवरच ठेवणे | ३.५ | २.९ | १.२ वर्षे |
| दुरुस्ती करून गॅस बर्नर लावणे | ९.५ | ९.६ | १ वर्ष |
| दोन नवीन गॅस हीटर, नवी टाकी | २६ | १३.६ | १.९ वर्षे |

दुसऱ्या मार्गाचे पैसे लवकर वसूल होतात. तरीही आम्ही तिसरा मार्ग सुचवतो, कारण सोबतच्या जाडीमापनानुसार बॉयलरच्या ट्यूब येत्या दोन ते तीन वर्षांत बदलाव्या लागतील आणि त्यास सुमारे ५ लाख रुपये लागतील. तो खर्च धरल्यास तिसऱ्या मार्गासाठी जास्तीचे ११.५ लाख लागतात आणि दरवर्षी जास्तीचे ४ लाख वाचतात. ही जास्तीची रक्कम तीन वर्षांच्या आत वसूल होते. शिवाय दुसऱ्या मार्गात एकच बॉयलर राहतो. तो बंद पडला की हॉटेलात गरम पाणी नसते. नव्या व्यवस्थेत एक हीटर बंद असला तरी दुसऱ्यावर नेहमीच्या दिवसाची गरज भागते. थंडीत हॉटेल पूर्ण भरलेले असताना मात्र एकटा हीटर सकाळच्या वेळी थोडा कमी पडेल, हे आपणास आधीच सांगत आहोत.

१३.६ लाखांपैकी ७.४ लाख इंधन कमी लागल्यामुळे, ५.२ लाख पीएनजी डिझेलपेक्षा स्वस्त असल्यामुळे आणि १ लाख देखभाल कमी झाल्यामुळे वाचतील. हिशोब डिझेल ९० रुपये लिटर आणि पीएनजी ६२ रुपये घनमीटर या दरांनी केला आहे. पीएनजी ७५ रुपयांपर्यंत गेला तर वसुलीस २.३ वर्षे लागतील. पाण्याचा वापर एक चतुर्थांशाने घटला तर २.२ वर्षे लागतील. बॉयलर अटेंडंटचे पगार आम्ही बचतीत धरलेले नाहीत, कारण त्यांना इमारतीच्या इतर देखभालीत घेण्याचा निर्णय आपला आहे.

हीट पंपाचा इंधनखर्च याहून कमी येतो. परंतु आपल्या गच्चीवर त्यासाठी जागा नाही आणि सध्याचा मंजूर वीजभार पुरत नाही. पुढे सोय झाल्यास जोडता यावा म्हणून नव्या टाकीला त्याच्या जोडण्या आताच ठेवू.

आमची हमी पुढीलप्रमाणे: हीटर सुरू झाल्यावर पाण्याचा आणि गॅसचा मीटर कायम राहतील. दर हजार लिटर गरम पाण्यामागे ५ घनमीटर आणि त्याखेरीज रोज ५ घनमीटर यापेक्षा जास्त गॅस लागल्यास, पहिल्या वर्षी त्या जादा गॅसची किंमत आम्ही देऊ. गॅसचा दर आणि पाण्याचा वापर यांची हमी आम्ही देत नाही.

मान्यता मिळाल्यावर नवीन व्यवस्था जुन्याच्या शेजारी उभी करून ती पंधरा दिवस चालवू आणि नंतरच जुना बॉयलर काढू. भंगाराची किंमत आपली राहील, ती वरील हिशोबात धरलेली नाही. हा प्रस्ताव ६० दिवस लागू आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
____________

---

पत्रातली हमी वाचून घाबरू नका. गणिताने हजार लिटरमागे ४.६ आणि रोजचे ४.६ घनमीटर येतात, हमी ५ आणि ५ ची आहे. नऊ हजार लिटरला हिशोबाने ४६ लागतात, हमी ५० ची. ही मोकळीक तुमच्यासाठी आहे. हमी "वर्षाला इतके रुपये वाचतील" अशी मात्र कधीही लिहू नका. सीझन चांगला गेला, खोल्या भरल्या, पाणी जास्त लागलं, की गॅसचं बिल वाढतं आणि तुमची हमी मोडल्यासारखी दिसते.

ही हमी पाळायची तर पाइपिंग तुमच्या हातात ठेवा. कंडेन्सिंग हीटरचा फायदा धुरातल्या वाफेचं पाणी झालं तरच मिळतो, आणि नैसर्गिक वायूच्या धुरातल्या वाफेचं पाणी साधारण ५५ अंशांखालीच होऊ लागतं. मजल्यांवरून परतणारं ५०-५५ अंशांचं पाणी थेट हीटरच्या इनलेटला जोडलं, तर धुराला गार पाणी भेटतच नाही. गार पाणी टाकीच्या तळाला सोडा, हीटरला पाणी तळातूनच द्या आणि रिटर्न लाईन टाकीच्या मधल्या उंचीवर आणा. हे साधलं की नाही ते कळायला सोपी खूण आहे: सकाळच्या गर्दीत हीटरच्या ड्रेनमधून पाणी सलग ठिबकलं पाहिजे. ड्रेन कोरडा असेल तर तुम्ही साध्या हीटरसारखा गॅस जाळताय. हे पाणी आम्लधर्मी असतं, म्हणून जुन्या लोखंडी चिमणीत नवीन धूर सोडू नका. स्टेनलेस स्टीलची किंवा हीटर बनवणाऱ्याने सांगितलेली चिमणी लागते. २६ लाखांत ती धरली आहे, स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी तीच गाळलेली असते.

पाण्याचा कठीणपणाही आधी तपासा. पुण्यात उन्हाळ्यात अनेक हॉटेलं टँकर आणि बोअरवर चालतात. जुन्या बॉयलरच्या रुंद ट्यूबला जे क्षार वर्षानुवर्षं चालले, ते नवीन हीटरच्या अरुंद वाटा काही महिन्यांत बुजवतात. सॉफ्टनर जुना असेल तर त्यातून बाहेर पडणारं पाणी टेस्ट किटने रोज बघायची सवय हॉटेलच्या माणसाला लावून द्या. क्षार बसू लागले की आधी धुराचं तापमान चढतं, हजार लिटरमागचा गॅस त्यानंतर वाढतो.

कायद्याची बाजू मालकाला तोंडी समजावून सांगा, पत्रात फार ताणू नका. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे, आणि ज्यात पाणी १०० अंशांखालीच तापवलं जातं ते उपकरण बॉयलरच्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे वार्षिक तपासणी, तिच्यासाठी बॉयलर उघडून ठेवणं आणि प्रमाणपत्रधारक अटेंडंटची सक्ती ही तीनही ओझी उतरतात. देखभालीच्या एक लाखात यातली पहिली दोन आहेत, अटेंडंटचा पगार नाही, आणि नवीन हीटरचा वार्षिक सर्व्हिसिंगचा खर्च त्यातून आधीच वजा केलेला आहे. जुना बॉयलर काढल्याचं मात्र बाष्पके संचालनालयाला लेखी कळवा, नाहीतर तो त्यांच्या नोंदीत चालू राहतो. कायद्याबाहेर असलं म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह, एक्स्पान्शन टँक आणि जास्त तापमानाला बंद करणारा कटआउट यांत काटकसर चालणार नाही.

एक गोष्ट पत्र देण्याआधी हातात असू द्या: गॅस कंपनीचं लेखी उत्तर. लाईन रस्त्यावर आहे याचा अर्थ हॉटेलच्या मीटरपर्यंत तुम्हाला हवा तितका गॅस हव्या त्या दाबाने येईल असा होत नाही. दोन ५० किलोवॅटचे हीटर एकदम चालले तर ताशी सुमारे १० ते ११ घनमीटर लागतात, त्यात किचनचे बर्नर मिळवा आणि त्या भारासाठी अर्ज करा. जोडणीची मुदत, डिपॉझिट आणि दर महिन्याला किमान किती गॅसचं बिल भरावंच लागेल, हे तिन्ही त्या उत्तरात मागा. जोडणीला चार महिने लागणार असतील, तर त्या चार महिन्यांचं डिझेल मालकाच्याच खिशातून जाणार आहे. पत्रात काम सुरू करण्याची तारीख लिहिताना ती मुदत धरून लिहा.